सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन पट्टी-पट्टीने मोजले, तेव्हा Nc समजला

कंडक्शन बँडमधल्या इलेक्ट्रॉनांची घनता n काढायचं n = Nc·exp[−(Ec−EF)/kT] हे सूत्र एमएस्सीला पाठ होतं, गणितंही सुटायची. पण Nc म्हणजे नेमकं काय, ते कळत नव्हतं. पुस्तक त्याला 'प्रभावी अवस्था घनता' म्हणतं आणि पुढे जातं. म्हणून इंटिग्रल बाजूला ठेवलं आणि स्प्रेडशीट उघडली.

उदाहरण ठरवलं ते असं: 300 केल्विनला सिलिकॉन, आणि फर्मी लेव्हल EF कंडक्शन बँडच्या तळापासून, म्हणजे Ec पासून, 0.25 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली. या तापमानाला kT येतो 0.0259 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बँडच्या तळापासून वर 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत 0.001 च्या पट्ट्या पाडल्या. प्रत्येक पट्टीसाठी दोनच प्रश्न: इथे इलेक्ट्रॉनला बसायला जागा किती, आणि त्यातली एखादी जागा भरलेली असण्याची शक्यता किती?

जागांचं उत्तर डेन्सिटी ऑफ स्टेट्स देते:

g(E) = (4π/h³)·(2m*)^(3/2)·√(E−Ec)

m* म्हणजे इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान. स्पिनचा 2 यात आधीच आहे, तो वेगळा गुणायचा नाही. शक्यतेचं उत्तर फर्मी-डिरॅक फलन देतं:

f(E) = 1/(1 + exp[(E−EF)/kT])

दोन्ही स्तंभ शेजारी आले आणि विषय तिथेच उलगडायला लागला. बँडच्या अगदी तळाशी f सगळ्यात मोठं, सुमारे 6.4×10⁻⁵, म्हणजे साधारण साडेपंधरा हजार जागांमागे एक भरलेली. पण नेमकं तिथेच g शून्य! शक्यता आहे, जागाच नाही. वर जावं तशा जागा वाढतात, पण वर्गमुळाच्या चालीने, सावकाश. f मात्र घातांकाने कोसळतं. तळापासून 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर भरपूर जागा आहेत, पण तिथला गुणाकार शिखराच्या जेमतेम एक दशांश उरतो.

शिखर मिळालं 0.013 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. तिथे g साधारण 8.7×10²⁰ आणि f 3.9×10⁻⁵, म्हणून गुणाकार सुमारे 3.4×10¹⁶ प्रति घन सेंमी प्रति इलेक्ट्रॉन-व्होल्ट. 0.013 म्हणजे kT च्या निम्मं. √x·e⁻ˣ चं अवकलन शून्य केलं की x = ½ हेच येतं, त्यामुळे तक्त्यावर विश्वास बसला. सगळ्या पट्ट्यांची बेरीज झाली सुमारे 1.8×10¹⁵ इलेक्ट्रॉन प्रति घन सेंमी.

मग इंटिग्रलकडे वळलो. x = (E−Ec)/kT धरलं आणि f च्या छेदातला 1 सोडून दिला, की ∫√x·e⁻ˣ dx शून्यापासून अनंतापर्यंत √π/2 येतं. पूर्वी ही 'अनंत' मर्यादा मला खटकायची, कारण बँड काही अनंत उंच नसतो. तक्ता पाहिल्यावर खटकणं संपलं: 5kT च्या वर जेमतेम दोन टक्के इलेक्ट्रॉन असतात, 10kT च्या वर जवळपास कुणीच नाही. बाकीचे स्थिरांक एकत्र केले की उरतं 2(2πm*kT/h²)^(3/2), आणि हाच Nc. सिलिकॉनसाठी 2.8×10¹⁹. या बँडमधल्या खऱ्या जागांची ही मोजणी नव्हे. पसरलेला सगळा बँड गुंडाळून तळाच्या एकाच पातळीवर ठेवला, तर तेवढेच इलेक्ट्रॉन मिळायला तिथे किती जागा लागतील, तो हा आकडा. 2.8×10¹⁹ ला 6.4×10⁻⁵ ने गुणलं, पुन्हा 1.8×10¹⁵.

m* कोणता घ्यायचा, हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. सिलिकॉनच्या कंडक्शन बँडला सारख्या सहा दऱ्या आहेत. त्या सगळ्यांच्या जागा मोजणारं वस्तुमान 1.08m₀ आहे. तक्त्यांत शेजारीच 0.26m₀ छापलेलं असतं, ते वहनासाठीचं. तेच इथे घातलं तर Nc 3.3×10¹⁸ येतो, खऱ्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. उत्तर असं आठ-साडेआठ पटींनी कमी आलं की आधी वस्तुमान तपासावं.

शेवटी फर्मी लेव्हल एका खान्यात बदलत वर सरकवत नेली. ती तळापासून 3kT खाली असेपर्यंत तक्ता आणि सूत्र यांत दोनेक टक्क्यांचाच फरक राहिला. त्यापुढे छेदातला तो सोडलेला 1 जाणवायला लागतो. फर्मी लेव्हल बरोबर तळावर आली तेव्हा सूत्र म्हणालं 2.8×10¹⁹, बेरीज म्हणाली 2.1×10¹⁹. कारण तिथे f एकाऐवजी अर्धं असतं, आणि सोपं केलेलं घातांकी रूप ते पूर्ण एक धरतं. भरपूर डोपिंग केलेल्या सिलिकॉनसाठी म्हणून मी आता पूर्ण फर्मी-डिरॅक इंटिग्रलच आकडेमोडीने काढतो.