मोजतं कोण?

"ताई, चार वर्षांच्या मुलासाठी आकडे शिकवणारं एक ॲप घ्यायचं म्हणतोय. 'संशोधनावर आधारित' असं लिहिलंय त्यावर. खरंच काही शिकेल का, की नुसती जाहिरात आहे?"

फोन बाजूला ठेवा आणि मूठभर चिंचोके त्याच्या पुढ्यात ओता. म्हणा, "मला चार दे." 'मोजून दाखव' म्हणायचं नाही, 'दे' म्हणायचं. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारी किती तरी मुलं इथे हाताला येतील तेवढे चिंचोके उचलून देतात. यात मुलाचं काही चुकत नाही. एक, दोन, तीन, चार ही त्याच्यासाठी अजून गाण्यासारखी ओळ असते. प्रत्येक शब्दामागे ठरावीक संख्या आहे हे त्याला टप्प्याटप्प्याने उमगतं. आधी 'एक' कळतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. साधारण अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान, काहींना थोडं उशिरा, लक्षात येतं की मोजताना शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच तिथल्या सगळ्या वस्तूंची संख्या. हे उमगलंय की नाही, ते आणखी एका प्रश्नाने कळतं. मुलाने पाच चिंचोके मोजले की लगेच विचारा, "मग किती आहेत?" उत्तर देण्याऐवजी ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर अजून उमगलेलं नाही.

बालवाडीतल्या आकड्यांचा गाभा हाच आहे. म्हणून 'तीन महिन्यांत शंभरपर्यंत' असं वाचलं की मी आधी विचारते, शंभरपर्यंत काय? म्हणायचं, ओळखायचं की मोजायचं? जाहिरातीत बहुतेक वेळा हे सांगितलेलं नसतं.

मागच्या वर्षी आमच्या बालवाडीतल्या एका मुलाची आई असंच ॲप घेऊन आली होती. मुलाने दहापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या पार केल्या होत्या, चांदण्यांनी पडदा भरला होता. मी त्याच्याकडे चार चिंचोके मागितले. त्याने सात दिले, आणि अगदी खुशीत दिले. आईचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, त्याला खेळू दे, आपण दोघी शेजारी बसून नुसतं बघू.

झाडावर पाच आंबे होते. बोट लावलं की आंबा टोपलीत पडायचा आणि आवाज यायचा, "वन". पुढच्याला बोट लावलं की "टू". पाचवा पडला की टोपली हलायची, "फाइव्ह!" आणि चांदणी. मोजण्याचं सगळं काम तो आवाज करत होता. मुलाचं काम फक्त दिसेल त्या आंब्याला बोट लावायचं. कुठे थांबायचं हेही त्याला ठरवावं लागत नव्हतं, कारण आंबेच संपत होते. पुढच्या पायरीत तीन चित्रांमधून 'तीन पक्षी' निवडायचे होते. चूक निवडलं तर काहीच होत नव्हतं, म्हणून तो एकेक करून तिन्हींना बोट लावत गेला. तिसऱ्यांदा बरोबर आलं आणि चांदणी पूर्ण मिळाली.

मग मी फोनचा आवाज बंद केला. तरी तो तितक्याच झपाट्याने पुढे गेला. म्हणजे त्या खेळात जिंकायला आकड्याची गरजच नव्हती. कुठलंही खेळणं किंवा ॲप हातात आलं की मी हेच तपासते: जे शिकवतो म्हणतात, ते न वापरता मूल जिंकू शकतं का? बोलक्या खेळण्यांचंही तसंच आहे. बटण दाबलं की आकडा म्हणणाऱ्या खेळण्यात आकडा खेळणं म्हणतं, मूल बटण दाबतं.

याच खेळात थोडासा बदल केला तर तो उपयोगी होईल. झाडावर दहा आंबे ठेवायचे, 'टोपलीत चार टाक' म्हणायचं, टोपलीत कितीही मावू द्यायचे आणि 'झालं' हे मुलाने सांगायचं. आता थांबणं त्याच्या हातात आलं, म्हणजे मोजणं आलं. अशी रचना असलेलं ॲप सापडलं तर जरूर घ्या. अंकांची नुसती ओळख, ५ कसा दिसतो आणि 5 कसा, एवढंच हवं असेल तर साधं ॲपसुद्धा सरावाला चालेल.

आता 'संशोधनावर आधारित' या शब्दांविषयी. बऱ्याचदा संशोधन त्या विषयावरचं असतं, हातातल्या वस्तूवरचं नसतं, आणि छोट्या फरकाने किती बिघडतं ते मला एका अभ्यासातून कळलं. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी 2008 साली अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक साधा खेळ दिला. एका ओळीत 1 ते 10 आकड्यांची घरं, फिरकीवर 1 किंवा 2 येणार, आणि सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली. तोच पट आकड्यांऐवजी रंगांचा घेतला, तेव्हा ती सुधारणा दिसली नाही. पुढच्या अभ्यासात घरं गोलाकार मांडली, तर सरळ ओळीइतका फायदा झाला नाही. दुकानाच्या फळीवर हे तिन्ही पट सारखेच 'शैक्षणिक' दिसले असते.

पालकांच्या अभिप्रायांवर मी फार विसंबत नाही. पालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी 2010 साली वर्षा-दीड वर्षाच्या बाळांवर, शब्द शिकवणाऱ्या एका व्हिडिओचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिनाभर व्हिडिओ पाहिलेली बाळं, तो न पाहिलेल्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती, ज्यांना आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द शिकवले. आणि ज्या पालकांना व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं बाळ खूप शिकलं असं वाटत होतं. या वयात मूल दर महिन्याला तसंही पुढे जातं. घरात त्या वेळी जे असेल त्याला श्रेय मिळतं.

म्हणून ॲपचा फुकटचा आठवडा सुरू करण्याआधी चिंचोके मागून बघा, आठवडा संपला की पुन्हा मागा. पण एका आठवड्यातल्या सुधारणेवरून वर्षाचे पैसे भरू नका.

त्या आईला मी सापशिडीही सुचवली नाही. शंभर घरं या वयाला फार होतात, आणि दर दहा घरांनी ओळ उलट फिरते. तिने फरशीवर खडूने सरळ दहा घरं काढली. फाशाऐवजी नाणं, छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन. मुलगा स्वतःच सोंगटी. मी एकच गोष्ट बजावली: तो तीनच्या घरात असेल आणि दोन पडले, तर त्याने 'एक, दोन' म्हणत जायचं नाही, 'चार, पाच' म्हणायचं. सुरुवातीला तो अडखळायचा, खाली वाकून आकडा बघायचा. तो वाकून बघायला लागला, याचाच मला आनंद झाला.

तीन-चार आठवड्यांनी मी त्याच्याकडे पुन्हा चार चिंचोके मागितले. त्याने एकेक उचलून माझ्या तळहातावर ठेवले, चौथ्याला थांबला आणि माझ्याकडे बघितलं. सहा मागितल्यावर मात्र आठ दिले.