उणे सात तास

तिमाही कामकाज अहवालासोबत वरिष्ठांना जे एक पानी पत्र जाते, त्याकडे मी बरीच वर्षे पाकिटावरील पत्त्याइतक्याच आदराने पाहत असे. अहवाल चाळीस पानांचा, त्यासाठी तीन आठवड्यांची धावपळ, आणि पत्र मात्र शेवटच्या संध्याकाळी, मागच्या तिमाहीचे उघडून तारीख आणि आकडे बदलून तयार केलेले. एकदा सादरीकरणाच्या बैठकीत समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात केवळ ते पत्रच असल्याचे आणि अहवाल बंद असल्याचे माझ्या लक्षात आले. त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आता पत्राचा मसुदा आधी होतो आणि तो लिहिताना जे सांगता येत नाही, ते अहवालातही नीट समजलेले नसते, हे कळून येते.

पत्राचा साचा ठरलेला आहे : तीन निष्कर्ष आणि आकडेवारीची एक मर्यादा. तीनच का, याला शास्त्र नाही. चौथा निष्कर्ष लिहिला की वाचणारा पहिला विसरतो, एवढाच अनुभव आहे. निष्कर्ष म्हणजे आकडा नव्हे, हे मात्र शिकायला मला वेळ लागला. ‘जादा कामाचे तास १८ टक्क्यांनी वाढले’ ही नोंद झाली. ‘जादा कामाचे तास १८ टक्क्यांनी वाढले, ऑर्डरींची संख्या जवळपास तेवढीच राहिली, वाढ झाली ती माल आणणाऱ्या गाड्या सकाळऐवजी दुपारी येऊ लागल्यामुळे, आणि गाड्यांच्या वेळा पुन्हा ठरवून घेण्यास आपली मंजुरी हवी’ हा निष्कर्ष झाला. पहिले वाचून वरिष्ठ भुवया उंचावतात, दुसरे वाचून ते सही करतात किंवा प्रश्न विचारतात.

ज्या पत्राविषयी लिहायचे आहे, ते आमच्या गोदामाच्या एका तिमाहीचे होते. आकडे मी गोल करून देतो आहे. दुसरा निष्कर्ष वर आलाच. तिसरा चुकीच्या वस्तू गेल्यामुळे परत आलेल्या मालाचा होता : निम्म्याहून अधिक प्रकरणे एकाच रांगेतील होती, कारण तिथे एकाच रंगाची, फक्त मापाचा आकडा वेगळा असलेली दोन खोकी शेजारीशेजारी ठेवली जात होती. ती दूर ठेवली, आणि शेवटच्या महिन्यात तक्रारी उतरल्या. हे दोन्ही निष्कर्ष लिहायला मिळून अर्धा तास पुरला. उरलेले दोन दिवस पहिल्या निष्कर्षाने आणि त्याच्या शेपटीला अडकलेल्या मर्यादेने घेतले.

पहिला निष्कर्ष सगळ्यांचा लाडका होता. ऑर्डर आल्यापासून २४ तासांच्या आत माल गोदामाबाहेर पडला तर ती वेळेत रवाना झाली, अशी आमची व्याख्या आहे. मागच्या तिमाहीत हे प्रमाण ९१ टक्के होते; या तिमाहीत ६० हजार ऑर्डरींवर ते ९३.६ आले. मी वाक्यही लिहून ठेवले होते. त्याच दुपारी आकडेवारी सांभाळणारी माझी सहकारी एक छापील यादी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, “सर, या ऑर्डरींना रवाना व्हायला उणे सात तास लागले आहेत.”

सकाळी सात वाजता आलेली ऑर्डर त्याच दिवशी मध्यरात्री बारा वाजता, म्हणजे येण्याच्या सात तास आधीच, निघून गेली होती. अशा शेकडो ऑर्डरी होत्या. तिने रवानगीच्या वेळांचा तासवार तक्ता काढला, तेव्हा रात्रीच्या बाराच्या रकान्यात एक उंच सुळका उभा राहिला; आमच्याकडे तर रात्रपाळीच नाही. तारखा पाहिल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या महिन्यात आठ कामाचे दिवस हातातील जुनी स्कॅनर यंत्रे बदलून नवी बसवण्याचे काम चालू होते. त्या काळात रवानगी कागदावर लिहिली गेली आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर चढवली गेली. चढवणाऱ्याने तारीख भरली, वेळ रिकामी ठेवली, आणि प्रणालीने रिकाम्या जागी आपल्या सवयीप्रमाणे 00:00 लिहिले. रिकामी जागा रिकामी दिसली असती तर कोणीतरी विचारले असते. शून्य मात्र उत्तरासारखे दिसते.

ज्या ऑर्डरींचे तास उणे येतात, त्या निदान स्वतःहून हात वर करतात. खरा घोळ न दिसणाऱ्यांत असतो. सोमवारी सकाळी दहाला आलेली ऑर्डर मंगळवारी दुपारी चारला गेली, तर तिला ३० तास लागले आणि ती उशिराची ठरते. तिची वेळ मंगळवारची मध्यरात्र धरली की १४ तासच होतात आणि ती वेळेतल्यांत जाऊन बसते, अगदी सभ्य चेहऱ्याने. त्या आठ दिवसांत सुमारे ६ हजार ऑर्डरी होत्या आणि त्यांपैकी ९९ टक्के वेळेत गेल्याचे दिसत होते. नवी यंत्रे हाताळायला शिकत असताना आम्ही आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी केली होती!

हे सारे एका वाक्यात कसे सांगायचे? आमच्याकडे अशा प्रसंगांसाठी एक पिढीजात वाक्य आहे : ‘आकडेवारीत काही ठिकाणी तफावत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी स्वतः ते किमान दहा पत्रांत लिहिले असेल. त्यात कोणती आकडेवारी, किती, कोणत्या बाजूला, यांपैकी काहीही नाही. उद्या काही निघालेच तर ‘आम्ही कळवले होते’ म्हणण्याची सोय तेवढी आहे. शिवाय ते पत्राच्या तळाशी येते, त्यामुळे कोणता निष्कर्ष डळमळीत आहे हे न कळता तिन्ही निष्कर्षांवर सारखाच संशय पसरतो. आमच्या मर्यादेचा जादा तासांशी आणि परत आलेल्या खोक्यांशी काडीचाही संबंध नव्हता, कारण ती माहिती हजेरीपत्रकातून आणि परतीच्या नोंदवहीतून येते.

म्हणून ती ६ हजार वगळून पाहिली. उरलेल्या ५४ हजारांपैकी ५०,२२० वेळेत, म्हणजे ९३ टक्के. हाच आकडा देऊन मोकळे व्हावे असे मला वाटले. दूषित माहिती बाजूला ठेवली, म्हणजे प्रामाणिकपणा झाला. सहकारीला ते पटले नाही. वगळलेले आठ दिवस हे इतर दिवसांसारखे नव्हते, तिमाहीतील सर्वांत अवघड दिवस होते, आणि तेच काढून टाकले तर उरलेल्या तिमाहीचा चेहरा आपोआप उजळ दिसणार. चुकीच्या नोंदी ठेवणे आमच्या सोयीचे होते, आणि त्या काढणेही आमच्याच सोयीचे होते.

मग आम्ही प्रश्न उलटा विचारला : त्या ६ हजारांत किती ऑर्डरी वेळेत गेल्या असत्या, तर आमची सगळी सुधारणा पुसली गेली असती? ६० हजारांचे ९१ टक्के म्हणजे ५४,६००. त्यांतून निर्विवाद ५०,२२० वजा केल्या की ४,३८० उरतात, आणि ६ हजारांशी त्यांचे प्रमाण ७३ टक्के येते. त्या दिवसांत १०० पैकी ७३ हून अधिक ऑर्डरी वेळेत गेल्या असतील, तर सुधारणा खरी; त्याहून कमी गेल्या असतील, तर आमचे वाक्यच खोटे. एवढे हाती आल्यावर धूसर शंकेला एक कड मिळाली.

फाटकावरील नोंदवहीत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ असते. ऑर्डरींचे क्रमांक नसतात. पण कोणत्या गाडीत कोणत्या ऑर्डरी भरल्या याच्या कागदी याद्या आठपैकी पाच दिवसांच्या सापडल्या. त्यांतून २०० ऑर्डरी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून एकेकीची खरी वेळ लावली. १७१ वेळेत निघाल्या, म्हणजे सुमारे ८५ टक्के. दोनशेच्या नमुन्यात पाचेक टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, आणि ज्या तीन दिवसांच्या याद्या हरवल्या ते कदाचित अधिक गोंधळाचे असतील, हेही खरे. तरीही ७३ बरेच खाली राहिले. हे प्रमाण सर्व ६ हजारांना लावले, तर पूर्ण तिमाहीचा आकडा ९२ च्या थोडा वर येतो. सुधारणा होती, पण दिसत होती त्याच्या निम्मीच.

पत्रातील पहिला परिच्छेद अखेर असा झाला : ‘वेळेत रवानगीचे प्रमाण ९१ टक्क्यांवरून सुमारे ९२ टक्क्यांवर आले आहे. प्रणालीत दिसणारा ९३.६ हा आकडा वापरू नये, कारण यंत्रबदलाच्या आठ दिवसांतील सुमारे ६,००० ऑर्डरींची रवानगीची वेळ नोंदली गेली नाही व ती मध्यरात्र धरली गेल्याने प्रमाण वाढून दिसते. २०० ऑर्डरींच्या पडताळणीवरून त्या दिवसांतील प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास होते. ते ७३ टक्क्यांहून कमी असते तरच सुधारणा झाली नाही असे म्हणावे लागले असते. अन्य दोन निष्कर्षांवर याचा परिणाम नाही.’

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मसुदा वाचून पेन्सिलीने ‘नोंदली गेली नाही’ याखाली रेघ ओढली आणि विचारले, “कोणी नोंदली नाही?” मराठी कर्मणी प्रयोगाची ही मोठी सोय आहे, क्रिया घडते आणि कर्ता दाराआडून निघून जातो. चढवणाऱ्या मुलाला त्यात ओढणे मला मान्य नव्हते, कारण कागदावरील छापील तक्त्यात वेळेचा रकानाच नव्हता आणि तो तक्ता मी तयार केला होता. मग ‘यंत्रबदलाच्या काळासाठी आमच्या विभागाने दिलेल्या तक्त्यात वेळेचा रकाना नव्हता, त्यामुळे’ असे लिहिले. वाक्य लांबले, पण मॅडमनी रेघ खोडली.

‘मर्यादा’ की ‘त्रुटी’, यावरही थोडी चर्चा झाली. हरवलेल्या तीन दिवसांच्या याद्या ही मर्यादा, कारण आता त्यावर उपाय नाही. रकाना नसणे ही त्रुटी, कारण तो घालता आला असता. पत्रात आम्ही दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरले.

पत्र गेले. वरून दोन दिवसांनी दोनच ओळी आल्या : गाड्यांच्या वेळा बदलण्यास मंजुरी, आणि एक प्रश्न, ‘पुढील तिमाहीची तुलना कोणत्या आकड्याशी करणार?’ हा विचार आम्ही केलाच नव्हता. प्रणालीतून तुलनेचा तक्ता काढला की तिथे ९३.६ च येणार होते, आणि पुढच्या तिमाहीत ९३ टक्के काम करूनही आमची घसरण झाल्याचे दिसले असते. त्या संध्याकाळी पुढच्या पत्राची नवी फाइल उघडून मी तिच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवले : तुलनेसाठी ९२, प्रणालीतील आकडा नको, कारण मागील पत्र, परिच्छेद १.