फराळाची वही, २१२ नंबर आणि ‘Request a review’

दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉलवर एक वही ठेवली होती. चकली चाखायची, आवडली तर नाव-नंबर लिहायचा. तीन दिवसांत २१२ नंबर जमले. एका रात्रीत सगळे फोनमध्ये भरले, व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप उघडले आणि धडाधड माणसं जोडली. सकाळी नव्या गिऱ्हाइकाला मेसेज जाईना. खातं काही काळ मर्यादित केल्याची सूचना आणि उरलेल्या वेळेची उलटी मोजणी!

खरं तर ही सौम्य शिक्षा. जुन्या चॅटमध्ये उत्तरं देता येतात, नवी चॅट उघडता येत नाही, आणि मुदत संपली की आपोआप सुटतं. मी मात्र मुदत संपल्या संपल्या उरलेल्यांना दरपत्रकाचा फोटो पाठवत सुटले. दुपारपर्यंत खातंच बंद.

‘दरपत्रकात वाईट काय होतं?’ हा माझा पहिला प्रश्न, आणि तोच चुकीचा. चॅट एनक्रिप्टेड असतात, मजकूर कोणी वाचत बसत नाही. दिसते ती वागणूक: थोड्या वेळात किती अनोळखी लोकांना मेसेज गेले, किती जणांना ग्रुपमध्ये ओढलं, आणि त्यातल्या किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं. रिपोर्ट केल्यावर मात्र त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. लोकांनी वहीत स्वतःचा नंबर दिला होता, माझा सेव्ह केला नव्हता. मी त्यांचा सेव्ह केला, याला काही किंमत नाही. त्यांच्यासाठी मी अनोळखी, आणि अनोळखी नंबरच्या पहिल्या मेसेजसोबतच ब्लॉक-रिपोर्टची बटणं समोर येतात.

आता खातं बंद झाल्यावर दिसणाऱ्या पडद्याबद्दल, कारण सगळा जीव तिथेच अडकतो. त्यावर ‘Request a review’ हे बटण असतं. ते दाबलं की एसएमएसने सहा आकडी कोड येतो, तो भरायचा, मग आपलं म्हणणं लिहायला जागा मिळते. सिम चालू हवं, नाहीतर कोडच येणार नाही. मी घाईत लिहिलं, ‘प्लीज चालू करा, दिवाळीच्या ऑर्डरी अडकल्यात.’ याचा तपासणाऱ्याला काय उपयोग? नंबर कशासाठी वापरता, नंबरांची यादी कुठून आली, नेमकं काय चुकलं आणि आता काय बंद केलं, एवढं चार ओळींत लिहावं.

त्यानंतर हात बांधून बसायचं. मला ते जमलं नाही. ॲप काढून पुन्हा टाकलं. त्याने तपासणी लवकर होत नाही. उलट पुन्हा पुन्हा कोड मागितला की पुढच्या कोडसाठी थांबायची वेळ वाढत जाते. बॅकअप जुना असेल तर मधल्या चॅटही जातात. दुसऱ्या सिमवरून तीच यादी चालवायचा मोह होतो. यादी तीच तर ब्लॉक करणारेही तेच, म्हणजे दुसरा नंबरही जायचा. ओळखीतून एक सॉफ्टवेअरवालाही भेटला: ‘प्रत्येक मेसेजमध्ये १० सेकंदांचं अंतर ठेवतो, ताई, काही होत नाही.’ अंतर ठेवल्याने रिपोर्ट करणाऱ्याचं बोट थांबतं का? शिवाय अशी स्वयंचलित साधनं आणि जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲप नियमातच बसत नाहीत, त्यावरूनही खातं जातं.

तिसऱ्या दिवशी नंबर सुरू झाला. नकार आला असता तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जायचं, हे तोवर शोधून ठेवलं होतं.

आता वही बंद. स्टॉलवर क्यूआर कोड चिकटवलाय, त्यामागे ही लिंक आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=फराळ
```

एक्सच्या जागी आपला दहा आकडी नंबर. स्कॅन केलं की ‘फराळ’ हा शब्द लिहिलेली चॅट उघडते आणि पहिला मेसेज गिऱ्हाईक स्वतः पाठवतं. उत्तरात मी नंबर सेव्ह करायला सांगते, कारण ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसत असले तरी मेसेज पोचतो तो आपला नंबर सेव्ह असणाऱ्यांनाच. ग्रुपची फक्त लिंक देते, ज्याला यायचं तो येतो.

हो, फॉरवर्डचं राहिलंच. एकावेळी पाच चॅटची मर्यादा भारतात २०१८ पासून आहे, आणि दोन बाणांची खूण असलेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला जातो. दोन बाण म्हणजे तो आधीच बऱ्याच हातांतून फिरलाय. सासूबाई तो कॉपी करून नव्याने चिकटवतात, मग बाण दिसत नाहीत. पण पंधरा ग्रुपमध्ये तेच चिकटवलं की वैतागून रिपोर्ट करणारे पंधरा ठिकाणी असतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही.