पांढऱ्या शर्टाचा काळा शर्ट करताना

आमचा स्टुडिओ राजारामपुरीत. गणपतीआधी एका तरुण मंडळाचा ग्रुप फोटो रंकाळ्यावर काढला होता. सकाळचं कोवळं ऊन, मागं शालिनी पॅलेस. अकरापैकी दहा जण काळ्या शर्टात, आणि एक जण शिरोली एमआयडीसीतली रात्रपाळी करून थेट आलेला, पांढऱ्या सुती शर्टात. "दादा, एवढा एक काळा करून द्या की," अध्यक्ष म्हणाले. बारा बाय अठराची प्रिंट मंडळाच्या खोलीत लागणार होती, म्हणजे रोज जवळून बघितली जाणार.

मी नेहमीसारखा फोटोशॉपमध्ये शर्ट सिलेक्ट केला, मास्कवर Solid Color चा लेयर टाकला, लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे 40 ठेवले आणि ब्लेंड मोड Multiply केला. शर्ट काळा झाला, पण दुकानातल्या पोरानं बघितलं आणि म्हणाला, "डांबर ओतल्यागत दिसतंय की ओ." खरंच होतं ते.

कारण Info पॅनलमध्ये दिसलं. तिथं 0 म्हणजे पूर्ण काळं आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरं. पांढऱ्या शर्टाचा खांदा 240 होता आणि चुणीच्या तळाशी 150. म्हणजे 90 चा फरक, म्हणून चुणी दिसते. Multiply मध्ये दोन्ही आकड्यांचा गुणाकार होऊन त्याला 255 नं भागलं जातं.

```
240 × 40 / 255 = 38
150 × 40 / 255 = 24
```

नव्वदाचा फरक चौदावर आला. शिवाय Multiply मध्ये काहीच 40 च्या वर जाऊ शकत नाही. शेजारच्या खऱ्या काळ्या शर्टांचे खांदे मात्र उन्हात 75-80 पर्यंत जात होते.

मग मी ते शेजारचे शर्टच नीट बघत बसलो. कापडावरून येणारा उजेड दोन प्रकारचा असतो. एक धाग्यात शिरून रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा वरच्यावर परततो, त्याला रंग लागतच नाही. कापड काळं रंगवलं की पहिला जवळजवळ मरतो, पण वरची ही लकाकी तशीच राहते. Multiply नं मी दोन्ही एकाच मापानं कमी केले होते. लकाकी वेगळी परत द्यायला हवी होती.

त्यासाठी मूळ फोटोचा डुप्लिकेट लेयर सगळ्यात वर नेला, त्याला शर्टाचाच मास्क दिला, Desaturate केला आणि मोड Screen ठेवला. त्यावर क्लिप केलेल्या Levels मध्ये काळा स्लायडर 205 पर्यंत ओढला, म्हणजे फक्त उन्हानं उजळलेले भाग उरले, चुण्यांचे तळ पूर्ण काळे. काळ्याचा Screen मध्ये काहीच परिणाम होत नाही. Opacity 100 ला खांदा चांदीसारखा झाला, 25 टक्क्यांवर आणल्यावर तो साधारण 76 वर आला. शेजारच्याशी जुळला.

तरी चुण्या उथळ वाटत होत्या. पांढऱ्या कापडात घडीच्या एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर आपटतो, त्यामुळं सावली भरून निघते. काळ्या कापडात तसं होत नाही, घडी खोल दिसते. म्हणून Multiply च्या खाली, त्याच मास्कनं, Curves टाकला आणि 150 चा भाग 100 वर उतरवला, 240 जागीच ठेवला. आता तळ 16 आणि खांदा 76. कोपरापाशी बाही जिथं दुमडलेली होती, तिथल्या तीन बारीक घड्या पहिल्यांदा वेगवेगळ्या दिसल्या.

हे सगळं जमलं ते फाइल रॉ होती म्हणून. जेपीजीत डाव्या खांद्याचा तळहाताएवढा भाग सपाट 255 होता. रॉमध्ये Highlights खाली आणल्यावर त्यात विणकाम परत आलं. जिथं 255 च असेल तिथं Screen फक्त राखाडी ठिगळ देतो, मग दुसऱ्या खांद्यावरून क्लोन करण्यावाचून इलाज नाही.

कडांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. मास्क किंचित आत राहिला की काळ्या शर्टाभोवती पांढरी रेघ उठते आणि नजर थेट तिथंच जाते. मी Select and Mask मध्ये Shift Edge बाहेरच्या बाजूला थोडा सरकवला. मानेवर अर्धा पिक्सेल काळं चढलं तरी ते सावलीत खपून जातं. कॉलरच्या आतली बाजू मात्र ब्रशनं हातानंच रंगवली.

तरीही तो पोरगा इतर दहा जणांत वेगळा दिसत होता, आणि शर्टात मला काही सापडेना. रात्री चेहऱ्यांकडे बघितल्यावर लक्षात आलं: त्याची हनुवटी खालून उजळली होती. पांढऱ्या शर्टानं ऊन वर फेकलं होतं. काळा शर्ट तसं करत नाही. हनुवटीखाली मऊ मास्क घालून Curves नं थोडा अंधार दिला, आणि फाइल प्रिंटला सोडली.