आठ नंबरची सुई

भाचीने न्यू जर्सीहून स्वेटरचा नमुना पाठवला. भाऊजींसाठी, छाती शंभर सेंटिमीटर. वर लिहिलं होतं, सुया साईज 8. मी लगेच आईचा जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात आठ नंबरची जोडी होतीच, टोपीवर आकडा कोरलेली. मनात म्हटलं, चला, वीस मिनिटांत टाके घालून होतील.

पाठीचे नव्वद टाके घातले. बॉर्डर झाली, वर चार बोटं सुलट-उलट झालं. पण लोकर सुईवरून सरकेना. दर ओळीला टाके ढकलावे लागत होते आणि विणलेला भाग पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहत होता. मोजला तर रुंदी एक्केचाळीस सेंटिमीटर भरली. हवी होती पन्नास. पुढची बाजू धरली तर स्वेटर ब्याऐंशीचा झाला असता, म्हणजे भाऊजींऐवजी सातवीतल्या मुलाला बसला असता.

घोळ असा होता की अमेरिकेची आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. आईच्या डब्यातली आठ नंबर चार मिलिमीटरची. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, आणि ते उलटे धावतात: नंबर मोठा तितकी सुई बारीक. चौदा नंबर दोन मिलिमीटरची, दहा नंबर सव्वातीनची, आठ नंबर चारची, सहा नंबर पाचची. अमेरिकेत याच्या बरोबर उलट, नंबर वाढला की सुई जाडते. ब्रिटनने 1970च्या दशकात मिलिमीटर धरले, आपले दुकानदार मात्र नंबरावरच राहिले. मी सुईची जाडी सांगितली की आमचा दुकानदार म्हणतो, "ताई, नंबर सांगा, एमएम नको."

हे उलटं का, तर जुने नंबर तारेच्या गेजवरून आले. तार भोकाच्या पट्टीतून ओढून बारीक करतात, सोनारही तसंच करतो. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी बारीक, आणि तितका नंबर मोठा. भांड्याचा पत्रा घेताना बावीस गेज अठरापेक्षा पातळ असतो हे आपल्याला माहीत असतं, शिवणाचा साठ नंबरचा दोरा चाळीसपेक्षा बारीक असतो हेही. गंमत अशी की शिलाई मशीनच्या सुईला हा नियम लागू नाही: तिथे सोळा नंबर जाड आणि अकरा बारीक. म्हणजे एकाच टोपलीत दोरा एका दिशेने मोजायचा आणि त्याची सुई दुसऱ्या!

पानाच्या कडेला आकडे मांडताना एक सोय सापडली. नेहमीच्या स्वेटरच्या जाडीत, म्हणजे आपल्या चार ते नऊ नंबरांत, दोन्ही देशांच्या नंबरांची बेरीज चौदा येते. अमेरिकेची आठ म्हणजे आपली सहा. अमेरिकेची सहा म्हणजे आपली आठ. सात दोन्हीकडे सातच, साडेचार मिलिमीटर. बारीक सुयांना मात्र हे नेहमी चालत नाही. आपल्या दहाची अमेरिकन जोडी तीन आहे, बेरीज तेरा. आणि साडेतीन मिलिमीटरची सुई तर जुन्या ब्रिटिश यादीत नाहीच. नमुन्यात ती आली की नऊ नंबर (पावणेचार) किंवा दहा नंबर (सव्वातीन) यातली एक घ्यावी लागते. कुठली, ते लोकर आणि आपला हात ठरवतात.

मी सहा नंबरच्या सुया आणल्या. या वेळी सव्वीस टाक्यांचा चौकोन आधी विणला, भिजवून सपाट वाळवला आणि मधल्या दहा सेंटिमीटरांत टाके मोजले. नमुन्यात अठरा हवे होते, माझे एकोणीस आले. एक टाका म्हणजे काही नाही असं वाटतं, पण नव्वद टाक्यांना साधारण सत्तेचाळीस सेंटिमीटरच रुंदी येते, म्हणजे पूर्ण स्वेटर पाच सेंटिमीटरने घट्ट. माझा हात आवळून विणायचा, हे आई कायम सांगायची. मग पाच नंबर, साडेपाच मिलिमीटरची घेतली. चौकोन पुन्हा विणला, अठरा भरले.

डब्यात दोन जोड्यांवरचे आकडे घासून गेले होते. भाऊजींच्या ड्रिलचे चार आणि साडेचारचे बिट मागून फळकुटात भोकं पाडली. पहिली सुई चारच्या भोकात अगदी नीट बसली, दुसरी अडली पण साडेचारमधून गेली. टोपीवर नेलपॉलिशने "8" आणि "7" लिहिलं, खाली बारीक अक्षरांत मिलिमीटरही.

उसवलेले नव्वद टाके वाया गेले नाहीत. ती लोकर वाफेवर सरळ करून आता बाहीला घेतली आहे. भाऊजी बाहीचं माप विचारत होते, मी त्यांना नंबरातच सांगितलं.