सिम १ अखेर दिसलं, आणि हॉट एअर पेटवावाच लागला नाही

मागच्या अपडेटमध्ये मी ठणकावून सांगितलं होतं की या फोनचा सिम रीडर उखडून बदलावाच लागणार. सोल्डरिंगसाठी फ्लक्सही काढून ठेवला होता. बरं झालं, त्या दिवशी वेळ मिळाला नाही.

पहिल्या खाचेत कोणतंही कार्ड टाका, "No SIM". तेच कार्ड दुसऱ्या खाचेत लगेच नेटवर्क पकडतं, म्हणजे कार्ड ठणठणीत. *#06# वर दोन्ही आयएमईआय दिसतात. ट्रे आणि कार्डाचा सोनेरी भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, फरक शून्य.

घोळ झाला तो एका खुणेमुळे. ट्रे अंगठ्याने दाबून धरला की सिम यायचं, सोडला की गायब. ट्रे आत आलाय हे ओळखणारा स्विच गेला, असं मी परस्पर ठरवून टाकलं. पण दाबल्याने स्विच जसा लागतो, तशा रीडरच्या पत्त्याही कार्डाला टेकतात. मग कोण खोटं बोलतंय ते कसं ओळखायचं?

कागदाने! नॅनो सिम ०.६७ मिमी जाड असतं. साध्या कागदाचा कार्डाएवढा तुकडा कापून कार्डाच्या प्लॅस्टिकच्या बाजूला लावला, म्हणजे साधारण ०.१ मिमीची भर. ट्रे न दाबता सिम आलं. स्विचला तर मी हातही लावला नव्हता, म्हणजे टेकणंच कमी पडत होतं. (कागद चाचणीपुरताच ठेवा. आत सुटला तर पत्त्यांत अडकतो.)

फोन उघडला, बॅटरी सोडवली. मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका पत्तीला. दोन्ही खाचांचे आकडे जवळपास सारखे आले. कुठली लाइन तुटली असती तर तिथे OL, म्हणजे जोडणीच नाही, असं दिसलं असतं. म्हणजे बोर्ड निर्दोष. मग भिंग लावलं: बाकी पत्त्या एका उंचीला, डेटाची पत्ती तेवढी दबून चपटी.

बारीक सुईने बाजूने उचलली. पहिल्यांदा जास्तच उचलली गेली आणि कार्ड सरकवताना अडकलं. तिथेच जोर केला असता तर मोडलीच असती. किंचित खाली दाबून पुन्हा ट्रे सरकवला आणि सिम १ ला दांड्या आल्या. तीनदा रीस्टार्ट करून बघितलं, नुसत्या आनंदासाठी.

हे लिहिता लिहिता ट्रे पुन्हा भिंगाखाली धरला, तर कडेला चीर! कार्ड तिरकं होऊन ट्रे ओढताना कोपरा पत्तीला ओरबाडत असणार. म्हणजे रीडर बदलायचा बेत रद्द, आता ट्रे बदलायचा. 'सगळ्या मॉडेलना चालतो' म्हणून विकतात तो प्लॅस्टिकचा ट्रे मी घेणार नाही, त्यात कार्ड खुळखुळतं. त्याच मॉडेलचा धातूचा मागवतोय. तोवर कार्ड दुसऱ्या खाचेत, पहिली रिकामी.