सहावा आठवडा: फोटोतली सी कॉर्ड आणि तिच्यातली मुकी तार

हा फोटो काल संध्याकाळी भाचीने काढला. मी गेले सहा आठवडे गिटार शिकतेय आणि फोटोत धरलीय ती सी कॉर्ड. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. (सगळ्यात बारीक ती पहिली तार, सगळ्यात जाड ती सहावी.) फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. फोटोत दिसायला कॉर्ड बरोबर दिसते. वाजवली तेव्हा मात्र पहिली तार बोललीच नाही, नुसता ठक्क असा आवाज आला. नवीन शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच अडतं, म्हणून एवढ्या एका गोष्टीबद्दल नीट लिहितेय.

पहिले तीन आठवडे मी समजत होते की बोटांत जोर कमी पडतोय. म्हणून अजून दाबायचे. बोटांच्या टोकांवर तारेची खोल रेघ उमटायची, अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं, आणि तार तशीच मुकी. मग एक दिवस कॉर्ड धरून एकदम झंकार काढण्याऐवजी पाचव्या तारेपासून खाली एकेक तार वेगळी छेडली. पाचवी स्वच्छ, चौथी स्वच्छ, तिसरी जरा खरखरीत, दुसरी स्वच्छ, पहिली बंद. दुसरी तार, म्हणजे जी तर्जनीने दाबलीय ती, छान वाजत होती. म्हणजे जोर पुरेसा होता. पहिली तार तर मोकळी वाजायची असते, तिला दाबायचंच नसतं. तिला कोणीतरी शिवत होतं.

ते कोण, हे फोटो मोठा करून बघितला की कळतं. माझी तर्जनी पहिल्या पेरापाशी आडवी पडलीय आणि तिच्या आतल्या बाजूचं मांस पहिल्या तारेला टेकलंय. त्याचं कारण अजून खाली आहे: अंगठा मानेच्या वरून पुढे डोकावतोय आणि तळहात मानेला चिकटलाय. तळहात चिकटला की बोटांना कमान करायला जागाच उरत नाही. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर आणला आणि मनगट थोडं पुढे काढलं, तर तर्जनी आपोआप उभी राहते आणि नखाच्या जवळचं टोक तारेवर येतं. डाव्या हाताची नखं अगदी कापलेली हवीत, नाहीतर नख आधी लाकडाला लागतं आणि बोट पुन्हा आडवं होतं. मी आता दर चार दिवसांनी कापते.

हे केल्यावर पहिली तार दहातल्या सहा-सात वेळा बोलायला लागली. तरी तर्जनीला पहिल्या फ्रेटवर जरा जास्तच ताकद लागत होती, आणि ते माझ्या हाताचं नव्हतं. हे कॅपोमुळे, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्यामुळे, कळलं. कॅपो पहिल्या फ्रेटला लावला आणि तोच आकार एक फ्रेट पुढे धरला, तर बोटं लोण्यात गेल्यासारखी वाटली. असा मोठा फरक पडला तर बहुतेक वेळा दोष नटचा असतो. नट म्हणजे मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे असलेली ती खाचांची छोटी पट्टी. तिच्या खाचा पुरेशा खोल नसतील तर तार पहिल्या फ्रेटपाशी उंच राहते.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. तार तिसऱ्या फ्रेटला दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या वर, तारेखाली किती फट आहे ते बघायचं. ती फट जेमतेम असावी, कागदाच्या जाडीहूनही कमी. तारेवर बोटाने टिचकी मारली की हलकीशी टिक् ऐकू येईल एवढीच. माझ्या दुसऱ्या तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत होतं. शिवाय दुसरी तार मोकळी असताना ट्यूनरवर सुरात दाखवायची आणि पहिल्या फ्रेटला दाबली की चढी. तार उंच असली की दाबताना ती जास्त ताणली जाते, म्हणून सूर चढतो. गिटार लावूनही माझी सी बेसूर का वाटते, याचं उत्तर तिथे मिळालं. लहानपणी पेटीवर गाणं शिकल्यामुळे ते कानाला फार खुपत होतं.

खाचा घरी कानशीने घासायच्या नाहीत, एवढं सांगते. थोडी जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटून झणझणते आणि मग नट भरून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी प्रत्येक तारेसाठी वेगळ्या जाडीची बारीक कानस घेतली, दोन-तीनदा घासलं की तार बसवून बघायचं, पुन्हा घासायचं, असं सहाही तारांचं केलं. जाड तारांखाली त्यांनी फट किंचित जास्त ठेवली, कारण जाड तार हलताना जास्त जागा घेते. त्याच संध्याकाळी तर्जनीचा ताण निम्म्यावर आला.

आता सी वरून जी कडे जाण्याबद्दल, कारण या आठवड्यातला सगळा वेळ त्यातच गेला. मी आधी जी अशी धरत होते: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर्जनी पाचवीवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. यात अनामिकेला पाचव्या तारेवरून थेट पहिल्या तारेवर उडी मारावी लागते. मिनिटाला मोजून सात बदल व्हायचे. मग जी दुसऱ्या तऱ्हेने धरायला घेतली: अनामिका सहावीवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पाचवीवर दुसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिलीवर तिसऱ्या फ्रेटला. आता नीट बघा. सी मध्ये अनामिका पाचवीवर आणि मधलं बोट चौथीवर असतं. म्हणजे दोघांना फ्रेट न बदलता फक्त एकेक तार वर सरकायचंय, जोडीने. तर्जनी उचलायची, करंगळी टेकवायची.

करंगळी पहिले चार दिवस ऐकतच नव्हती, तिसऱ्या तारेवर जाऊन बसायची. म्हणून तिला बाजूला ठेवून आधी फक्त जोडी सरकवण्याचा सराव केला, न वाजवता, रोज पाच मिनिटं. मग करंगळी जोडली. काल मिनिटाला बावीस बदल झाले. मेट्रोनोम 60 वर ठेवून प्रत्येक कॉर्डला चार ठोके दिले तर लय तुटत नाही. 70 वर अजून तुटते.

फोटोत एक चूक अजून आहे आणि ती सुटलेली नाही. सी मध्ये सहावी तार वाजायला नको, पण जोरात झंकार काढला की माझा पिक तिला लागतोच आणि खाली एक जड घुमारा राहतो. यावर अनामिकेचं टोक किंचित पुढे सरकवून सहाव्या तारेला अलगद टेकवायचं, दाबायचं नाही, म्हणजे पिक लागला तरी ती गप्प राहते. पण अनामिका वर सरकली की तीच पाचवी तार नीट दाबत नाही आणि खरखर येते. दोन्ही एकदम साधण्याची जागा तारेच्या जाडीएवढीच आहे. सध्या दहातल्या चार वेळा ती सापडतेय.